यावच्चंद्रदिवाकरौ शिष्यवृत्तीचा हिशोब

आमच्या शाळेच्या १९९४ च्या दहावीच्या तुकडीने गेल्या वर्षी वर्गणी काढली. मुख्याध्यापक सर जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि त्यांच्या नावाने काहीतरी करायचं सगळ्यांच्याच मनात होतं. साडेचार लाख जमले. शाळेतून दहावी होऊन अकरावीला तालुक्याच्या गावी जाणाऱ्या एका मुलीला दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायची असं ठरलं. फी, एसटीचा पास आणि पुस्तकं मिळून आजच्या भावाने वीस हजार लागतात.

आमचा खजिनदार आयुष्यभर बँकेत होता. त्याने पाकिटाच्या मागे आकडेमोड केली आणि म्हणाला, "अरे, सात टक्क्यांनी साडेचार लाखांचे साडेएकतीस हजार होतात. वीस कशाला, तीस द्या की! मुद्दलाला हातही लागणार नाही. यावच्चंद्रदिवाकरौ चालेल." टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मैत्रीण म्हणाली, "आपल्या वेळेला अकरावीची फी किती होती रे?" टाळ्या थांबल्या.

विमा कंपनीत बसून पुढे कधीतरी द्यायच्या रकमांची आजची किंमत काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे पुढचा हिशोब माझ्या गळ्यात पडला.

खजिनदाराचं गणित चुकलं नव्हतं. ठरावीक रक्कम कायम द्यायची असेल, तर ती रक्कम भागिले व्याजदर, एवढा निधी लागतो. साडेएकतीस हजार भागिले सात टक्के म्हणजे साडेचार लाख. पण शिक्षणाचा खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत राहिला, तर वीस वर्षांनंतरच्या साडेएकतीस हजारांत आजच्या जेमतेम ९,८०० रुपयांचा माल येईल आणि चाळीस वर्षांनंतर तीन हजारांचा. शिष्यवृत्ती बंद पडणार नाही. मुलीला स्टेजवर बोलावून पाकीटही देतील. फक्त त्या पाकिटातल्या पैशांत पासही निघणार नाही.

या प्रकाराचं टोकाचं उदाहरण हॉलंडमध्ये आहे. १६४८ साली लेक नदीच्या बांधाची देखभाल करणाऱ्या मंडळाने पैसे उभे करायला एक कायमस्वरूपी रोखा काढला. मूळ रक्कम १००० गिल्डर, परतफेडीची मुदत नाही, फक्त दरवर्षी व्याज. तो रोखा आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि आजही त्यावर व्याज मिळतं. व्याज वर्षाला ११.३५ युरो. विद्यापीठाने २०१५ साली बारा वर्षांचं थकलेलं व्याज गोळा केलं, ते १३६ युरो २० सेंट भरलं. पावणेचारशे वर्षं शब्द पाळला गेला, यात शंका नाही. पण त्या शब्दात 'वाढत जाईल' हे नव्हतं.

मग वाढत जाणारी शिष्यवृत्ती कायम द्यायची तर किती निधी लागेल? सूत्र एका ओळीचं आहे.

निधी = पुढच्या वर्षी द्यायची रक्कम ÷ (परताव्याचा दर − वाढीचा दर)

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला 'ग्रोइंग पर्पेच्युइटी' म्हणतात. आमचे आकडे घातले, तर वीस हजार भागिले सात वजा सहा टक्के, म्हणजे भागिले एक टक्का. उत्तर वीस लाख. बैठकीत हा आकडा सांगितल्यावर दोघातिघांनी मोबाइल काढून पुन्हा गणित केलं. खजिनदाराच्या हिशोबाने वीस हजारांना दोन लाख शहाऐंशी हजार पुरत होते. इथे त्याच्या सातपट लागत होते.

सूत्रावर विश्वास ठेवायचा नसेल, तर पहिल्या वर्षाची वही लिहून बघा. वीस लाखांवर सात टक्क्यांनी एक लाख चाळीस हजार मिळाले. त्यातले वीस हजार मुलीला दिले. उरलेले एक लाख वीस हजार निधीतच ठेवले. निधी झाला एकवीस लाख वीस हजार, म्हणजे बरोबर सहा टक्क्यांनी वाढला. पुढच्या वर्षीची शिष्यवृत्तीही सहा टक्क्यांनी वाढून २१,२०० झाली. निधीच्या मानाने ती पुन्हा एक टक्काच आहे. म्हणजे पहिल्या वर्षी जी स्थिती होती, तीच दुसऱ्या वर्षी, फक्त सगळे आकडे सहा टक्क्यांनी मोठे. हे चक्र कितीही वर्षं फिरेल. शाळेत शिकलेली गुणोत्तर श्रेढी अनंतापर्यंत बेरजेला घेतली, तरी हेच उत्तर येतं. पण मला वहीची ही एक ओळ जास्त पटते.

खजिनदाराच्या डोक्यातली जी कल्पना मोडावी लागते, ती याच ओळीत आहे. 'मुद्दलाला हात लावायचा नाही' हा आपल्याकडचा जुना आणि चांगला संस्कार, पण वाढत्या खर्चापुढे तो पुरत नाही. इथे व्याजातलेही सातपैकी सहा भाग मुद्दलात परत टाकावे लागतात. वर्षअखेरीला निधी वीस लाखांचा वीस लाख चाळीस हजार झाला, तर सभेत 'मुद्दल वाढलं' म्हणून अभिनंदनाचा ठराव होईल. प्रत्यक्षात तो निधी झिजायला लागलेला आहे, कारण तो एकवीस लाख वीस हजार व्हायला हवा होता. निधीची तब्येत बघायची तर एवढंच विचारायचं, की शिष्यवृत्ती देऊन झाल्यावर निधी खर्चाच्या वाढीइतका वाढला का?

एक बारीक चूक मी बऱ्याच हिशोबांत पाहिली आहे. सूत्रात वरती जी रक्कम घालायची, ती आजपासून एका वर्षाने द्यायची रक्कम आहे. पहिली शिष्यवृत्ती आजच द्यायची असेल, तर ते वीस हजार वेगळे काढायचे आणि पुढच्या वर्षीच्या २१,२०० साठी निधी मोजायचा. मग एकूण वीस लाख नव्हे, एकवीस लाख चाळीस हजार लागतात.

या सूत्राची खरी खोड मात्र छेदात आहे. तिथे दोन दर नाहीत, त्यांच्यातला फरक आहे, आणि फरक लहान असला की सूत्र पिसाळतं. खर्च दरवर्षी चार टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर वीस हजारांच्या शिष्यवृत्तीला पावणेसात लाखांच्या आत काम होतं. पाच टक्के धरले तर दहा लाख, सहा धरले तर वीस आणि साडेसहा धरले तर चाळीस लाख. चार ते साडेसहा यातला कुठलाही अंदाज समंजस माणूस करू शकतो आणि उत्तर मात्र सहापट बदलतं. वाढीचा दर तोच ठेवून व्याज अर्ध्या टक्क्याने उतरलं, तरी हेच होतं. मुदत ठेव पाच वर्षांची असते, फार तर दहा. त्यानंतर कोणता दर मिळेल, याचं वचन कोणी देत नाही. म्हणून कोणी असा निधी 'मोजून' एकच आकडा हातात दिला, तर मी आधी विचारतो की फरक किती धरलाय.

आणि वाढ व्याजाइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर? व्याज साडेसहा, वाढ सात धरली, तर सूत्र उणे चाळीस लाख असं उत्तर देतं. ते निरर्थक आहे. असा कितीही मोठा निधी नसतो, जो कायम पुरेल. सतत वाढणाऱ्या लाभांशावरून शेअरची किंमत काढायची पद्धत मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती म्हणजे हेच सूत्र. १९५७ साली डेव्हिड ड्युरँड यांनी एका लेखात दाखवलं की वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांना ते सरळ लावलं, तर किंमत अनंत येते. सूत्राची चूक नसते, कुठलीही गोष्ट कायमच त्या वेगाने वाढेल हे गृहीतच चुकीचं असतं.

आमच्या बैठकीत इथे थोडी शांतता पसरली. वीस लाख जमणार नव्हते. साडेचार लाखांचा एक टक्का म्हणजे साडेचार हजार. एवढ्याच रकमेपासून सुरुवात केली, तर वाढती शिष्यवृत्ती कायम चालली असती. "साडेचार हजारांत सरांचं नाव लावायला लाज वाटेल," असं एकाने स्पष्ट म्हटलं. तेव्हा मागच्या बाकावरच्या त्याच मैत्रिणीने विचारलं, "पण कायम कशाला? आपण असेपर्यंत चालली तर?"

तिने विचारलं त्यालाच 'ग्रोइंग अ‍ॅन्युइटी' म्हणतात. वाढती रक्कम, पण ठरावीक वर्षं. तिचं मूल्य काढायला नवं काही शिकावं लागत नाही. कायमच्या शिष्यवृत्तीला लागणारा निधी घ्यायचा आणि मुदत संपल्यानंतरच्या सगळ्या शिष्यवृत्त्यांना लागणारा निधी त्यातून वजा करायचा. वीस हजारांपासून दरवर्षी सहा टक्के वाढत गेल्यास सव्विसाव्या वर्षी द्यायची रक्कम साधारण ८५,८०० होते. तिथून पुढे कायम द्यायचं, तर पंचविसाव्या वर्षाअखेर हाताशी त्याच्या शंभरपट, म्हणजे सुमारे ८५ लाख ८० हजार लागतील. पंचवीस वर्षांनी एवढे व्हावेत म्हणून सात टक्क्यांनी आज किती ठेवावे लागतील? सुमारे पंधरा लाख ८२ हजार. ते वीस लाखांतून वजा केले की उरतात चार लाख अठरा हजार.

हा आकडा मला स्वतःला दरवेळी चकित करतो. आपल्या नातवंडांच्या काळापर्यंतच्या पंचवीस शिष्यवृत्त्यांना एकूण वीस लाखांपैकी जेमतेम पंचमांश लागतो. उरलेले चार भाग त्यानंतरच्या, आपण कोणीच न पाहणाऱ्या काळासाठी. साध्या, न वाढणाऱ्या रकमेत असं होत नाही. तिथे पहिल्या पंचवीस वर्षांतच सात टक्के दराने ऐंशी टक्क्यांहून जास्त मूल्य संपतं. वाढती रक्कम व्याजाच्या जवळपास धावते, त्यामुळे लांबच्या वर्षांचं आजचं मूल्य फारसं कमी होतच नाही. सगळं वजन लांबच्या टोकाला जाऊन बसतं. यावच्चंद्रदिवाकरौचा खर्च तो हाच.

ज्यांना सूत्र नको, त्यांच्यासाठी एक ढोबळ हिशोब. वाढीचा आणि व्याजाचा दर एकच असेल, तर प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या भावात सारखीच ठरते. म्हणून पहिली रक्कम गुणिले वर्षं, आणि त्याला एका वर्षाच्या व्याजाने भागायचं. वीस हजार गुणिले पंचवीस भागिले १.०७, म्हणजे चार लाख ६७ हजार. मुदत ठरलेली असली की वाढ व्याजाच्या पुढे गेली तरी हिशोब कोसळत नाही, थोडा महागतो इतकंच.

निवृत्तिवेतनाला हेच गणित लागू पडतं, आणि तिथे ते जास्त लोकांच्या घरात शिरतं. माझ्या ओळखीच्या एका घरात मोठी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि धाकटा भाऊ खासगी कारखान्यातून. तिच्या मूळ निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता मिळतो आणि तो किंमत निर्देशांकाबरोबर चढतो. भावाला भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून मिळणारी रक्कम महागाईशी बांधलेली नाही. त्याच योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार रुपये ठरलं आणि पुढे वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं.

भावाच्या प्रश्नाने मी हिशोब मांडला. "ताईला आज माझ्याइतकेच मिळत असते, तर आम्ही सारखे म्हणायचे का?" समजा दोघांना महिना तीस हजार मिळतात, पंचवीस वर्षं मिळणार आहेत आणि व्याज सात टक्के आहे. भावाची न वाढणारी रक्कम आज सुमारे ४२ लाखांची. ताईची दरवर्षी पाच टक्के वाढत गेली, तर ती सुमारे पावणेअडुसष्ट लाखांची. उलट बाजूने विचारलं, तर महिना १८,६०० पासून सुरू होऊन पाच टक्क्यांनी वाढणारं वेतन आणि न वाढणारे तीस हजार यांची किंमत सारखी. ते अकराव्या वर्षी तीस हजारांच्या पुढे जातं. साठीला निवृत्त झालेल्या माणसाला न वाढणारी रक्कम सत्तरीपर्यंत मोठी वाटते, आणि औषधांचा खर्च नेमका त्यानंतर वाढतो.

विमा कंपन्यांच्या योजना घेताना एक शब्द नीट वाचावा. काहींमध्ये 'दरवर्षी तीन टक्के वाढ' असते, पण ती सरळ असते, म्हणजे दरवर्षी पहिल्या रकमेच्या तीन टक्के. पंचविसाव्या वर्षी ती पहिल्या रकमेच्या १.७२ पट होते. चक्रवाढीने ती दुपटीच्या थोडी पुढे गेली असती. वर दिलेलं सूत्र चक्रवाढीचं आहे. सरळ वाढीला ते लावलं, तर योजना आहे त्याहून चांगली दिसते.

शिष्यवृत्तीकडे परत येतो, कारण कागदावर जुळलेला हिशोब तिथे कायद्याच्या दारात अडतो. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाला करसवलत हवी असेल, तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टावर खर्च करणं अपेक्षित असतं. वाढती शिष्यवृत्ती टिकवायची, तर आम्हाला व्याजातला सुमारे ८५ टक्के भाग खर्च न करता ठेवायचा होता. नियम आणि गणित एकमेकांकडे पाठ करून उभे! जास्त रक्कम पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवायची सोय आहे, पण तिला मुदत आणि अर्ज लागतात. निधी शाळेच्या न्यासाच्या एकूण हिशोबात मिसळला, तर न्यासाचा इतर खर्च मोठा असल्याने ही अडचण बहुधा जाणवतही नाही. स्वतंत्र न्यास काढला, तर जाणवते. शिवाय न्यासाचे पैसे कुठेही गुंतवता येत नाहीत. परवानगी असलेले मार्ग ठरलेले आहेत आणि छेदातला फरक रुंद करणारे मार्ग त्यात थोडेच. आमच्या सनदी लेखापालाने पहिल्याच भेटीत सांगितलं, की आधी निधी कोणाच्या वहीत राहील ते ठरवा.

या सगळ्यात मला पाटणचा शिलालेख सारखा आठवत होता. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि १२०७ च्या सुमारास निकुंभ घराण्याच्या राजाने त्याला दान लावून दिलं. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. गणिताच्या शिक्षणासाठी दिलेला महाराष्ट्रातला हा जुना निधी. त्यातला काही भाग रोकड नव्हताच. बाजारातल्या मालावरचा वाटा, घाण्यावरचं तेल, असा तो होता. तेल महागलं तरी पळी तेवढीच राहते, म्हणून महागाईची वाढ अशा दानात आपोआप शिरते. दर काय धरायचा, हा प्रश्नच उरत नाही. फक्त घाणे फिरत राहायला हवेत आणि वाटा मान्य करणारी सत्ताही. मठ आज नाही, लेख आहे.

आमच्या बैठकीत शेवटी मुदतीची शिष्यवृत्ती ठरली. साडेचार लाख, पंचवीस वर्षं, पहिल्या वर्षी साडेएकवीस हजार आणि दरवर्षी सहा टक्के वाढ. पावतीपुस्तकावर 'कायमस्वरूपी' छापून झालं होतं, ते खजिनदाराने बॉलपेनने एकेक करून खोडलं. दर तीन वर्षांनी व्याज आणि फी यांतला फरक बघायचा आणि तो घटला असेल, तर वाढ कमी करायची किंवा पुन्हा वर्गणी काढायची, असंही ठरावात लिहिलं.

खजिनदाराला एकच गोष्ट पचेना. या योजनेत मुद्दलाला हात लागणार होता. पहिल्या वर्षअखेरीला निधी चार लाख साठ हजार होईल, नवव्या वर्षापर्यंत चढत पाच लाख सात हजारांच्या आसपास जाईल आणि तिथून उतरू लागेल. पंचविसाव्या वर्षी शेवटच्या मुलीला सुमारे ८७ हजार देऊन तो शून्यावर येईल. मी त्याला पंचवीस ओळींचा तक्ता छापून दिला. दरवर्षी शिष्यवृत्ती दिल्यावर किती शिल्लक असायला हवी, तेवढंच त्यात आहे. तो त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. दहाव्या ओळीसमोर, जिथे आकडा पहिल्यांदा खाली येतो, तिथे पेन्सिलीने लिहिलंय, "घाबरू नये."